भाड्याच्या खोलीतल्या टीव्ही-दिव्याच्या वायरी: भिंत न फोडता, रंग न सोलता

पहिल्या भाड्याच्या खोलीत मी टीव्हीच्या वायरी लपवल्या त्या रात्री दोनच्या सुमाराला धाडकन आवाज झाला. दिवा लावून बघतो तर पांढरी पट्टी वायरींसकट खाली लोंबत होती, आणि तिच्या पाठीला डबल टेपवर भिंतीच्या रंगाचा अख्खा पापुद्रा चिकटलेला. टेपनं आपलं काम चोख केलं होतं, सुटला होता तो रंग. अकरा महिन्यांनी खोली सोडताना घरमालकांनी त्या दीड फुटाच्या डागासाठी एका पूर्ण भिंतीच्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले. भांडायला जागाच नव्हती, कारण अर्ध्या भिंतीला रंग मारून कधी मेळ बसत नाही.

त्यानंतर दोन खोल्या बदलल्या आणि दोन्हीकडे हेच काम पुन्हा केलं. आता पट्टी घेण्याआधी मी एकच प्रश्न स्वतःला विचारतो: वायर भिंतीच्या रंगावरून न नेता कुठून कुठून नेता येईल? भाड्याच्या खोलीत आपला शत्रू वायर नाही, डिस्टेंपर आहे.

आधी भिंत तपासा

आपल्याकडे भाड्यानं द्यायच्या खोल्यांना बहुतेक वेळा स्वस्तातला डिस्टेंपर मारलेला असतो, तोही जुन्या थरावर नवा, आणि प्रत्येक भाडेकरू गेला की आणखी एक. असा रंग खालच्या पुट्टीला घट्ट धरून नसतो. त्यावर काहीही चिकटवलं तरी ते भिंतीला नव्हे, वरच्या थराला चिकटतं.

तपासणी पाच मिनिटांची आहे. टीव्हीमागे किंवा कपाटामागे झाकली जाईल अशी जागा बघा आणि तळहात भिंतीवरून जोरात फिरवा. हात पांढरा झाला तर तिथे कुठलीच टेप टिकणार नाही, मग ती कितीही महागाची असो. हात कोरा राहिला तर ओल्या बोटानं एकाच जागी दहा-बारा वेळा घासा. रंग बोटावर उतरला तर डिस्टेंपर आहे, पाणी थेंबासारखं वर राहिलं आणि बोट स्वच्छ राहिलं तर बहुधा इमल्शन. शेवटी साध्या सेलोटेपचा बोटभर तुकडा दाबून लावा, तासाभरानं झटक्यात ओढा. टेपवर रंगाचे कण आले तर त्या भिंतीचा नाद सोडा.

ओलीचंही बघा. भिंतीवर फुगे, पापुद्रे किंवा मिठासारखी पांढरी भुकटी दिसत असेल तर तिथे पाऊस आत झिरपतो. पावसाळ्यात बाहेरच्या बाजूची भिंत कोरडी दिसली तरी हाताला गार लागते. अशा भिंतीवर जूनमध्ये लावलेली पट्टी ऑगस्टपर्यंत टिकली तर नशीब. खोलीला नुकताच रंग दिला असेल तर निदान आठवडाभर कशालाही हात लावू नका. वरून सुकलेला रंग आतून सुकायला वेळ घेतो.

खोलीत टेपला चालणाऱ्या जागा

भिंत बाद झाली म्हणून काम बाद होत नाही. खोलीत नीट बघितलं तर टेपला आवडणाऱ्या बऱ्याच जागा निघतात. फरशीलगत भिंतीला लावलेली स्कर्टिंगची टाइल ही त्यात पहिली. ती साधारण चार इंच उंच असते, गुळगुळीत असते आणि टेप निघताना तिचं काही बिघडत नाही. दुसरी जागा दाराची चौकट. लाकडी चौकटीला ऑइल पेंट असतो, तो डिस्टेंपरच्या कितीतरी पट घट्ट बसलेला असतो. काही इमारतींत चौकट ग्रॅनाइटची असते, तीही चालते. तिसरी जागा तुमचं स्वतःचं सामान: लोखंडी कपाटाची बाजू, टेबलाचा मागचा पाय, पलंगाची माथ्याकडची फळी. चौथी म्हणजे टीव्हीचं ब्रॅकेट, ते भिंतीत आधीच ठोकलेलं असेल तर. त्याला काही चिकटवायची गरजच नाही, त्यावरून टांगता येतं.

आणि पडदा. खिडकीचा पडदा जमिनीपर्यंत येत असेल तर त्याच्या मागून जाणारी वायर लपवायची गरज नसते. ती आधीच लपलेली असते.

माझ्या खोलीचं गणित

आकडे खोलीगणिक बदलतील, पण हिशेब कसा मांडायचा ते कळावं म्हणून सध्याच्या खोलीचंच सांगतो. दहा बाय बाराची खोली, पुण्यात. टीव्ही ३२ इंची, आधीच्या भाडेकरूनं सोडलेल्या ब्रॅकेटवर. टीव्हीची खालची कड जमिनीपासून ३८ इंच. खाली एक लोखंडी स्टँड आहे, १८ इंच उंच, त्यावर सेट-टॉप बॉक्स. त्याच भिंतीवर डावीकडे दार. दाराच्या कडीच्या बाजूला, चौकटीपासून सहा इंचांवर आणि जमिनीपासून सुमारे चार फुटांवर स्विचबोर्ड. उजवीकडे खिडकी, तिच्यातून केबलवाल्याची काळी वायर आत येते.

सरळ विचार केला तर बोर्डापासून टीव्हीपर्यंत भिंतीवर सहा फुटांची आडवी पट्टी मारावी असं वाटतं. सगळे तेच करतात. ती डोळ्यांच्या पातळीवर येते, डिस्टेंपरवर येते आणि तरीही टीव्हीची दीड मीटरची वायर बोर्डापर्यंत पोचत नाहीच.

मी वायर खालून वळवली. बोर्डातून निघालेली वायर सहा इंच मोकळी जाऊन चौकटीला लागते, चौकटीवरून ४४ इंच खाली उतरते, स्कर्टिंगवरून ७२ इंच आडवी जाते आणि स्टँडच्या मागच्या पायावरून १८ इंच वर चढते. यासाठी एक एक्स्टेंशन लागतं, त्याचा बॉक्स स्टँडच्या मागे. बेरीज केली: ६, ४४, ७२, १८ आणि वर दोन्ही टोकांना मिळून १६ इंच ढील, म्हणजे १५६ इंच, तेरा फूट, जवळपास चार मीटर. तीन मीटरचं एक्स्टेंशन कमी पडलं असतं, म्हणून पाच मीटरचं घेतलं. उरलेली मीटरभर वायर स्टँडखाली इंग्रजी आठच्या आकारात सैल ठेवली. ती घट्ट गुंडाळून रबर लावून ठेवू नका. टीव्हीसाठी ती गरम होणार नाही, पण कधी कोणी त्याच एक्स्टेंशनवर इस्त्री लावली तर गुंडाळी तापते.

टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दोघांचे प्लग एक्स्टेंशनच्या बॉक्समध्ये गेल्यामुळे टीव्हीपासून स्टँडपर्यंत फक्त दोन वायरी उतरतात, टीव्हीची पॉवर कॉर्ड आणि एचडीएमआय. दिसणारं अंतर ३८ वजा १८, म्हणजे २० इंच. ही उभी पट्टी आणि दाराकडून आलेली पट्टी या दोन्हींत मिळून भिंतीच्या रंगाला एकही टेप लागत नाही.

दुकानात काय मागायचं

इलेक्ट्रिकच्या दुकानात या पट्टीला केसिंग-केपिंग म्हणतात. केसिंग म्हणजे भिंतीला लागणारा खालचा भाग, केपिंग म्हणजे त्यावर सरकून किंवा टक्कन बसणारं झाकण. साधारण दोन मीटरच्या लांबीत मिळते, आणि दुकानदार अजूनही इंचातच बोलतात: पाऊण इंची, एक इंची, सव्वा इंची. ऑनलाइन पाठीला टेप लावून आलेल्या पट्ट्याही मिळतात. त्या हाताळायला सोप्या आहेत, पण त्यांची टेप बरेचदा पूर्ण लांबीभर असते आणि काढताना तीच डोकेदुखी होते. मी दुकानातली साधी पट्टी घेऊन टेप वेगळी लावतो.

आकार ठरवायला मापाचा तक्ता शोधू नका. ज्या वायरी घालायच्या त्या बरोबर घेऊन जा. दुकानात पट्टीत त्या शेजारी शेजारी ठेवा आणि झाकण लावून बघा. एका अंगठ्यानं दाबल्यावर बसलं आणि आत निम्मी जागा रिकामी दिसली तर माप बरोबर. जोर लावून बसवावं लागलं तर पुढचं माप घ्या, कारण दुकानात जोरानं बसलेलं झाकण उन्हाळ्यात मध्यरात्री आपण होऊन उघडतं. एक एक्स्टेंशन वायर आणि एक केबलची वायर यांना एक इंची पुरते. दिव्याच्या एकट्या बारीक वायरीला पाऊण इंचीही मोठी वाटते.

आणि एक गोष्ट. प्लग कुठल्याच पट्टीतून ओवता येत नाही, तीन पिनचा तर नाहीच. म्हणून गोल बंद पाइप घेऊ नका. वरून उघडणारी पट्टीच हवी, तिच्यात वायर आडवी ठेवायची आणि झाकण लावायचं, प्लग दोन्ही टोकांना बाहेर.

मला तीन पट्ट्या लागल्या. दोन मीटर म्हणजे साधारण ७८ इंच. पहिलीतून स्कर्टिंगचे ७२ गेले. दुसरीतून चौकटीचे ४४, आणि टीव्हीखालच्या उभ्या पट्टीसाठी २४, म्हणजे दिसणारे २० आणि टीव्हीमागे दडणारे ४. तिसरीतून केबलवाल्याच्या वायरीसाठी खिडकीकडच्या स्कर्टिंगचे ४० गेले आणि ३८ उरले, ते दिव्याच्या कामाला आले. असा हिशेब कागदावर मांडून मगच घ्या. नाहीतर सगळीकडे आठ-आठ इंचांचे जोड दिसतात आणि वायरींपेक्षा पट्टीच कुरूप वाटते.

पट्टीखेरीज लागेल ते असं: फोमवाली डबल टेप, हॅक्सॉ ब्लेड, बारीक पॉलिश पेपर, प्लास्टिकचे झिप-टाय आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली. ही बाटली मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळते. तिच्याऐवजी हँड सॅनिटायझरची जेल वापरू नका. तिच्यात ग्लिसरीन असतं, त्याचा ओशट थर मागे राहतो आणि टेप त्याच थरावर बसते.

लावायचा क्रम

सगळ्यात आधी काढाल तो फोटो. स्कर्टिंग, चौकट, भिंत, सगळ्याचे फोटो काढून घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा आणि एक ओळ लिहा: काका, खिळा मारत नाही, टाइलवर चिकटपट्टी लावतोय. परवानगीही होते आणि आधीचे डागही नोंदले जातात.

मग पट्टी कापा. झाकण लावलेल्या अवस्थेतच कापायची, म्हणजे दोन्ही भाग एका मापात येतात. ब्लेड हलक्या हातानं चालवा. जोर दिला की पीव्हीसीचा टवका उडतो. कापलेली कड पॉलिश पेपरनं घासा, आतली कड विशेष, कारण तीच पुढे वायरीच्या कवचाला घासत राहते.

स्कर्टिंग आणि चौकट जिथे भेटतात तो कोपरा दोन तऱ्हांनी करता येतो. दोन्ही तुकडे ४५ अंशांत तिरपे कापून जोडले तर दिसायला सगळ्यात नीट. तेवढा हात बसला नसेल तर दुकानात एल्बो मिळतो, त्याचं झाकण सांधा झाकतं. चौकट स्कर्टिंगपेक्षा पुढे आलेली असेल तर तिरपा सांधा जमत नाही, एल्बोच घ्या. काहीही केलं तरी आतल्या बाजूला केसिंगचे दोन्ही तुकडे कोपऱ्यापासून बोटभर आखूड ठेवा, म्हणजे वायरीला वळायला जागा मिळते.

ही मोकळी जागा केबलच्या वायरीला फार महत्त्वाची आहे. तिच्या आत मधोमध तांब्याची तार आणि भोवती फोमसारखा थर असतो. काटकोनात मोडली की तो थर चेपतो आणि चित्र मधूनच चौकोन चौकोन होऊन तुटायला लागतं. मग आपण केबलवाल्याला फोन करत बसतो. तिचं वळण हाताच्या मुठीएवढं तरी गोल असावं. कोपऱ्यात तेवढी जागा नसेल तर ही वायर पट्टीतून बाहेर काढा, मोकळी वळवा आणि पुन्हा आत घ्या. फायबरच्या ब्रॉडबँडची बारीक वायर तर याहून नाजूक, ती मोडली की दिसतही नाही. ती मी कोपऱ्याच्या पट्टीत घालतच नाही.

आता पुसायचं काम. टाइल आणि चौकट आधी ओल्या, मग कोरड्या फडक्यानं पुसा, शेवटी अल्कोहोलचा हात फिरवा. ऑइल पेंटवर आधी कोपऱ्यात थोडं लावून बघा. फडक्यावर रंग उतरला तर अल्कोहोल सोडून द्या, कोरडं पुसणं पुरे. पट्टीची पाठही पुसायला विसरू नका. नव्या प्लास्टिकवर बारीक भुकटी असते आणि निम्म्या वेळा टेप तिथूनच सुटते.

टेप पूर्ण लांबीभर लावायची नाही. दर वीतभर अंतरावर दोन इंचांचा तुकडा, आणि दोन्ही टोकांना एक-एक. टोकांना वायरीचा ताण येतो, तिथे कंजुषी नको. वीतभर मोकळी जागा ठेवण्याचं कारण पुढे काढताना कळेल.

स्कर्टिंगवर पट्टी वरच्या कडेला लावा, फरशीलगत नको. आपल्याकडे रोज फरशी पुसतात, बादलीचं पाणी खालच्या दोन इंचांना लागतंच, आणि झाकणाच्या फटीतून ते आत जातं. चार इंचांच्या टाइलवर इंचभराची पट्टी वरच्या कडेला बसवली की खाली तीन इंच मोकळे राहतात.

प्रत्येक टेपवर अंगठ्यानं अर्धा मिनिट दाब द्या. आणि मग थांबा. इथेच माझी पहिली चूक झाली होती. रंग तर कच्चा होताच, शिवाय मी टेप लावून तासाभरात वायरी भरल्या. फोम टेपची पकड हळूहळू वाढत जाते, पूर्ण जोर यायला निदान एक दिवस लागतो. रिकामी केसिंग रात्रभर तशीच सोडा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वायरी घाला. वायरी पट्टीत ठेवताना त्या उसळून बाहेर येतात, म्हणून फुटाफुटावर कागदी टेपचा तुकडा आडवा लावून त्यांना धरून ठेवा, झाकण लावत पुढे सरका आणि तुकडे काढत जा. झाकण एका टोकापासून सुरू करा. मधूनच दाबत गेलात तर शेवटी अर्धा इंच फुगा राहतो.

चौकटीवर झाकण लावल्यावर दार पूर्ण उघडून-बंद करून बघा, कडी आणि कुलूपही लावून बघा. माझ्याकडे कडीचं टोक पट्टीला घासत होतं, तिथे पट्टी चौकटीच्या बाहेरच्या कडेला अर्धा इंच सरकवावी लागली. हे टेप लावण्याआधी बघितलं असतं तर दोन तुकडे टेप वाचले असते.

टीव्हीखालची उभी पट्टी: चिकटवायची नाही, टांगायची

याच जागी सगळे भिंतीला टेप लावतात, कारण दुसरं काही सुचत नाही. पट्टीच्या वरच्या टोकाला, केसिंगच्या पाठीत, दोन भोकं पाडा. ड्रिल नसेल तर जुन्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गॅसवर तापवून पडतात, खिडकी उघडी ठेवा, पीव्हीसीचा धूर वाईट असतो. भोकांतून झिप-टाय ओवून ब्रॅकेटच्या खालच्या पट्टीला बांधा. वरचे चार इंच टीव्हीमागे दडतात. खालचं टोक स्टँडच्या मागच्या आडव्या दांडीला दुसऱ्या झिप-टायनं बांधा. पट्टीचं आणि वायरींचं सगळं वजन ब्रॅकेटवर येतं. भिंतीला ती फक्त टेकते.

झिप-टाय घट्ट आवळू नका. ब्रॅकेट खाली-वर तिरकं होणारं असेल तर टीव्ही झुकवून बघा, एचडीएमआय आणि पॉवर दोन्हींना टीव्हीमागे वीतभर ढील लागते. एचडीएमआयचं डोकं पट्टीत घालू नका, ते वायरीपेक्षा बरंच जाड असतं. डोकं टीव्हीजवळ मोकळं राहू द्या, वायर तेवढी आत.

ब्रॅकेटच नसेल, टीव्ही टेबलावर उभा असेल, तर ही पट्टी लागतच नाही. वायरी टेबलाच्या मागच्या पायाला बांधल्या की झालं.

दिव्याची वायर

माझ्या पलंगाच्या माथ्याला चिमट्याचा दिवा आहे. बोर्ड पलंगापासून चार फुटांवर, उंची पुन्हा चार फूट, आणि मधल्या कोपऱ्यात माझं लोखंडी कपाट. आधी वायर कपाटासमोरून हवेत लोंबत बोर्डात जायची, रोज कोणाचा ना कोणाचा हात अडकायचा.

आता ती पलंगाच्या मागच्या पायावरून खाली येते, तिथे तिला तीन सैल झिप-टाय आहेत. पुढे स्कर्टिंगवर, तिसऱ्या पट्टीतून उरलेल्या ३८ इंचांच्या तुकड्यातून जाते. मग कपाटाच्या मागच्या कडेनं वर चढते. कपाटावर पट्टी लावली नाही, चिकटणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या क्लिपा लावल्या. कपाट माझंच आहे, खोली सोडताना ते माझ्याबरोबर येणार. बोर्डाजवळचे शेवटचे आठ इंच मोकळे आहेत आणि ते तसेच राहू देत.

वायरीवर मध्येच बटण असेल तर ते पट्टीबाहेर, हाताशी ठेवा. पलंगाचा पाय वायरीवर येत नाही ना ते पलंग झाडायला ओढून बघा. आणि वायर आखूड पडली तर दोन वायरी इन्सुलेशन टेपनं जोडून तो जोड पट्टीत दडवू नका. वायर पट्टीत लपते, तसा सैल झालेला, तापणारा जोडही लपतो. एक सलग, पुरेशी लांब वायर, नाहीतर एक्स्टेंशन, आणि एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन नाही.

काय लपवायचं नाही

टीव्ही आणि दिवा हे कमी ओढीचे आहेत, ३२ इंची टीव्ही आणि एलईडी दिवा मिळून एका जुन्या पिवळ्या बल्बापेक्षा फार जास्त वीज घेत नाहीत. म्हणून त्यांच्या वायरी झाकल्या तर चालतात. इस्त्री, हीटर, गीझर, एसी यांच्या वायरी या पट्टीत कधीच नकोत. एक्स्टेंशनचा बॉक्स आणि सेट-टॉप बॉक्सचा चार्जरसारखा ॲडाप्टर कापडानं झाकायचा नाही, डब्यात बंद करायचा नाही. ॲडाप्टर हाताला कोमट लागतो, त्याला हवा लागते.

सगळं लावून झाल्यावर टीव्ही तासभर चालवा आणि पट्टीवर सगळीकडे हात फिरवा. ती भिंतीइतकीच गार हवी. एखादी जागा कोमट लागली तर प्लग काढा आणि तिथलं झाकण उघडून बघा. बहुतेक वेळा कोपऱ्यात वायर चेपलेली सापडते. झाकण वारंवार एकाच जागी उघडत असेल तर तिथे वायरी एकमेकींवर चढल्या आहेत. आणि पट्टीचं टोक वर उचललं जात असेल तर कडक वायर सरळ व्हायला बघते आहे. टेप वाढवून उपयोग नाही, वळणाला ढील द्या.

एवढं करूनही कोणी म्हणालंच की दोन खिळे ठोकले तर काय होतं, तर स्विचबोर्डच्या बरोबर वर किंवा खाली खिळा मारू नका एवढं त्याला सांगा. भिंतीतला वायरींचा पाइप बहुधा त्याच उभ्या रेषेत असतो.

खोली सोडताना

प्लग काढा, झाकणं उघडा, वायरी आधी बाहेर घ्या. रिकामी केसिंग हातानं ओढू नका. हेअर ड्रायरनं एका टेपला मिनिटभर गरम हवा द्या. मग दात कोरायचा फ्लॉस किंवा मासेमारीची नायलॉन दोरी दोन हातांत ताणून धरा, वीतभर मोकळ्या जागेतून पट्टीच्या मागे घाला आणि करवतीसारखी पुढे-मागे करत टेपच्या फोममधून न्या. पट्टी हातात येते, फोमचा अर्धा थर टाइलवर राहतो. तो अंगठ्यानं चोळून गोळ्या करत काढायचा. टाइलवर उरलेला चिकटपणा अल्कोहोलनं जातो. ऑइल पेंटच्या चौकटीवर थिनर लावू नका, चकाकी जाते. ग्रॅनाइटवर रॉकेल नको, डाग आत शिरतो. तिथे चोळून निघेल तेवढंच, आणि घाई नाही.

गेल्या वेळी हे सगळं काढायला पाऊण तास लागला. पट्ट्या मी टाकत नाही. प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं आहे: चौकट ४४, स्कर्टिंग ७२, टीव्ही २४. नव्या खोलीत गेलो की मोजपट्टी घेऊन आधी स्कर्टिंग मोजतो, मग टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा ते ठरवतो.